मीठ वजनावर, वेळ जाडीवर

मुकुंदवाडीत आमच्या घराजवळच्या दुकानात कोंबडीचे दोन भाव लिहिलेले असतात. एक जिवंत कोंबडीचा, दुसरा साफ केलेल्या मटणाचा. दोन वर्षांपूर्वीच्या धुळवडीला हे दोन भाव माझ्या लक्षात राहिले नाहीत आणि त्यामुळे एक अख्खी कोंबडी खारट झाली. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. ते काही बोलले नाहीत, पण मी त्या दिवसापासून मिठाचा हिशोब कागदावर करायला लागले.

चूक साधी होती. काट्यावर जिवंत कोंबडी दोन किलो भरली. किलोला दहा ग्रॅम या हिशोबाने मी घरी वीस ग्रॅम मीठ मोजून लावलं. पण पिसं, आतडी, डोकं, पाय आणि कातडी गेल्यावर घरी आलेली कोंबडी होती एक किलो तीनशे साठ ग्रॅमची. म्हणजे किलोमागे जवळजवळ पंधरा ग्रॅम मीठ पडलं, ठरवल्याच्या दीडपट. प्रमाण बरोबर होतं, गुणलं चुकीच्या वजनाला.

कोंबडीला आधी मीठ-हळद लावून ठेवणं आपल्याकडे नवं नाही. पण आपण ते अर्धा तास ठेवतो आणि मूठ-चिमटीच्या अंदाजाने लावतो. मी सांगते आहे त्या पद्धतीत अख्ख्या कोंबडीला फक्त कोरडं मीठ, मोजून, आदल्या दिवशीच लावायचं असतं. पाण्यात मीठ विरघळवून त्यात कोंबडी बुडवायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेतल्या ज्यूडी रॉजर्स यांची भाजलेली कोंबडी या पद्धतीमुळेच नावाजली गेली. 2002 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात कोंबडीला एक ते तीन दिवस आधी मीठ लावायला सांगितलं आहे.

एवढा वेळ कशाला, ते कोंबडीकडे पाहत राहिलं की कळतं. मीठ लावल्यावर थोड्याच वेळात मांसावर पाण्याचे थेंब दिसतात. मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं आणि त्याच पाण्यात विरघळतं. आपली अर्ध्या तासाची सवय नेमकी इथेच थांबते. कोंबडी ओली असते, मीठ वरच असतं आणि विस्तवावर ते पाणी वाफ होऊन जातं. थांबलं, तर काही तासांत तेच खारं पाणी मांसात परत शिरतं आणि हळूहळू आत सरकतं. मीठ मांसातल्या प्रथिनांची घट्ट वीण थोडी सैल करतं. मग शिजताना ती तेवढी आवळत नाहीत आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून छातीचा भाग, जो एरवी भुशासारखा कोरडा लागतो, ओलसर राहतो. हळद, तिखट, लसूण यांना एवढं खोल जाता येत नाही. ते वरच्या थरातच राहतात. म्हणून मसाला दुसऱ्या दिवशी लावला तरी चालतो, मात्र त्यात मीठ घालायचं नाही.

आता प्रमाण. कातडी काढलेल्या अख्ख्या कोंबडीला मी किलोमागे दहा ग्रॅम मीठ घेते, कातडीसकट असेल तर बारा. वजन साफ केलेल्या कोंबडीचं, हाडांसकट, घरी आणून पुसल्यानंतरचं. चमच्यावर भरवसा ठेवू नये. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण सहा ग्रॅम भरतो. खडे मिठाच्या खड्यांमध्ये हवा राहते, म्हणून तोच चमचा हलका भरतो. वजन केलं की दोन्ही मिठांचं प्रमाण एकच.

आमच्या 1360 ग्रॅमच्या कोंबडीला 13.6 ग्रॅम मीठ लागायला हवं होतं; साडेतेरा धरू. हे सगळीकडे सारखं चोळायचं नसतं. जाड भागाला जास्त, पातळ भागाला कमी. मी छातीच्या दोन्ही बाजू मिळून पाच ग्रॅम, मांड्या आणि तंगड्यांना पाच, पाठीला दीड, पोटाच्या पोकळीत दीड आणि पंखांना अर्धा ग्रॅम लावते. मग ताटलीत ठेवून, वर दुसरी ताटली झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही. कातडी नसेल तर झाकण हवंच, नाहीतर वरचा थर चिवट होतो. कातडी असेल तर उलट. उघडी ठेवली की कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते.

चोवीस तासांनी ताटलीत पाणी जवळजवळ नसावं आणि मांसाचा रंग किंचित गडद दिसावा. पाणी साचलेलं असेल तर मीठ अजून मुरलेलं नाही. तिसऱ्या दिवसानंतर मात्र मांस घट्ट, खारवलेल्या मांसासारखं लागायला लागतं. मुरल्यावर कोंबडी धुवायची नाही; धुतली तर सगळा हिशोब मोरीत जातो.

पाहुणे वाढले की मात्र घोळ होतो. मीठ वजनाबरोबर सरळ वाढतं: वजन दुप्पट, मीठ दुप्पट. वेळ तसा वाढत नाही. मिठाला किती आत जायचं आहे, म्हणजे मांस किती जाड आहे, त्यावर वेळ ठरतो, आणि तोही जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. दुप्पट वजनाची कोंबडी दुप्पट जाड नसते, साधारण सव्वापट असते. म्हणून तिला वेळ दीडपटीहून थोडा जास्त लागतो. एकाऐवजी सारख्याच तीन कोंबड्या असतील तर मीठ तिप्पट, पण वेळ तेवढाच, कारण एकही कोंबडी जास्त जाड झालेली नाही. आणि त्याच कोंबडीचे तुकडे केले तर मीठ तेवढंच, वेळ मात्र चार-पाच तासांवर येतो.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. खाऱ्या माशासारखं हे मीठ मांस टिकवत नाही. त्यासाठी याच्या कितीतरी पट मीठ लागतं. आमच्याकडच्या मार्चच्या उन्हात ही कोंबडी ओट्यावर ठेवली तर ती नासेलच. वीज बराच वेळ जाणार असेल तर हा बेत करू नये. दुसरं, हे प्रमाण भाजण्यासाठी किंवा जाड पातेल्यात पाणी न घालता शिजवण्यासाठी आहे. रस्सा केला तर मीठ पाण्यात उतरतं आणि मांस व पाणी दोन्ही धरून नव्याने मोजावं लागतं. कशीही शिजवा, मांडीचा जाड भाग आतून 74 अंशांपर्यंत तापायला हवा.

गेल्या धुळवडीला साफ केलेली कोंबडी पुन्हा 1360 ग्रॅमच भरली. खाणारे सहा. साडेतेरा ग्रॅमचे सहा वाटे केले तर प्रत्येकी सव्वादोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे नानांच्या दिवसभराच्या मिठातलं जवळजवळ निम्मं या एका पदार्थात गेलं. म्हणून त्यांची त्या दिवसाची भाकरी बिनमिठाची झाली आणि लोणचं ताटात आलंच नाही. नानांनी तंगडी पूर्ण खाल्ली आणि विचारलं, "आज मीठ किती?" मी कागद पुढे केला.