घाई कोणाची होती?

बाजार चढला की वाहिन्यांवर सांगतात, ‘आज खरेदीचा जोर होता.’ पण प्रत्येक सौद्यात जेवढी खरेदी होते तेवढीच विक्रीही होते. शंभर कॉन्ट्रॅक्ट कोणी घेतले, तर शंभर कोणीतरी विकलेच. मग जोर कोणाचा, हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी सौद्यातल्या दोघांपैकी घाई कोणाला होती, हे पाहावे लागते.

शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवर १९९७ पासून चालणारा ई-मिनी एस अँड पी ५०० हा वायदा घेऊ. समजा, या क्षणी खरेदीदार ५,००० चा भाव देऊन थांबले आहेत आणि विक्रेते ५,०००.२५ मागून थांबले आहेत. या वायद्यात भाव पाव पॉइंटाने हलतो, त्यामुळे मधे दुसरा भाव नाही. आता एखाद्याने मार्केट ऑर्डर टाकून ५,०००.२५ ला माल उचलला, तर घाई खरेदीदाराची होती. कोणी थांबलेल्या खरेदीदाराला ५,००० ला विकून मोकळा झाला, तर घाई विक्रेत्याची. पहिल्या प्रकारच्या सौद्यांतून दुसऱ्या प्रकारचे वजा केले की उरतो तो डेल्टा. प्रत्येक कँडलचा डेल्टा आधीच्या बेरजेत मिळवत गेले की चार्टखाली जी रेषा तयार होते, तिला क्युम्युलेटिव्ह व्हॉल्यूम डेल्टा किंवा सीव्हीडी म्हणतात.

भाव आणि ही रेषा एकत्र चढत असतील, तर घाईच्या खरेदीनेच भाव वर नेला असे ढोबळमानाने म्हणता येते. ही रेषा खरी उपयोगी पडते ती दोघांचे पटेनासे झाल्यावर. समजावण्यासाठी पाच-पाच मिनिटांच्या चार कँडल मांडून पाहू. पहिल्या कँडलमध्ये घाईची खरेदी ९,२०० आणि घाईची विक्री ७,१०० कॉन्ट्रॅक्टची झाली. डेल्टा अधिक २,१००, भाव ५,००० वरून ५,००३. दुसरीत डेल्टा अधिक १,४००. बेरीज ३,५०० झाली आणि भाव ५,००५ वर गेला. तिसरीत खरेदीदार तुटून पडले. १०,५०० विरुद्ध ७,०००, म्हणजे डेल्टा अधिक ३,५०० आणि बेरीज ७,०००. पण भाव जेमतेम ५,००५.२५ पर्यंत पोहोचून तिथेच अडकला.

सर्वांत मोठ्या खरेदीला सर्वांत कमी फळ मिळाले, कारण समोर कोणीतरी लिमिट ऑर्डर लावून शांतपणे विकत होता. डेल्टात त्याचे नाव येत नाही, कारण तो घाईत नाही. ट्रेडर याला ‘अॅब्सॉर्प्शन’ म्हणतात. ते ओळखायचे कसे? ऑर्डर बुकात ५,००५.२५ ला दीडशेच कॉन्ट्रॅक्ट दिसत असतात, तिथे तीन हजारांचे सौदे होतात आणि तरीही विक्रेता तिथेच उभा असतो. मोठी ऑर्डर लपवून थोडी थोडी दाखवणाऱ्या ‘आइसबर्ग’ ऑर्डरची ही खूण असू शकते.

चौथ्या कँडलमध्ये डेल्टा उणे २,७०० आणि भाव ५,००१. वरच्या भावाला घेतलेले आता तोट्यात होते. ते मार्केट ऑर्डर टाकून बाहेर पडू लागले की घसरणीला त्यांचीच विक्री जोर देते.

मात्र तिसऱ्या कँडलवरून चौथी अशीच येईल असे आधी सांगता येत नाही. लपलेल्या विक्रेत्याचा माल संपला असता, तर तोच भाव उसळला असता. म्हणून जाणकार रेषेवर विसंबून लगेच विकत नाहीत. अडलेला भाव खरोखर खाली फिरेपर्यंत थांबतात. शिवाय घाईची खरेदी म्हणजे नवी तेजी असेच नाही. आधी विकून बसलेले मंदीवाले घाबरून सौदे कापत असले, तरी डेल्टा अधिकच दिसतो. अशा वेळी ओपन इंटरेस्ट घटत असेल, तर शॉर्ट कव्हरिंगचा संशय घ्यावा. रेषेच्या आकड्यालाही स्वतःचा अर्थ नसतो. मोजणी सकाळपासून केली की कालपासून, यावर तो बदलतो. पाहायचा तो तिचा कल.

आणखी एक अडचण डेटाची. सीएमई प्रत्येक सौद्यात पुढाकार कोणाचा होता हे डेटातच कळवते. आपल्याकडे निफ्टी वायद्याचा चार्ट पाहणाऱ्या सामान्य ग्राहकाला ब्रोकरकडून बहुधा सुटे सौदे मिळत नाहीत. मिळतात ती ठरावीक क्षणांची चित्रे. दोन चित्रांमध्ये झालेले सौदे कोणत्या बाजूचे, हे सॉफ्टवेअर भावाच्या चढ-उतारावरून अंदाजाने ठरवते. काही चार्ट तर कँडल हिरवी असेल तर तिचा सगळा व्हॉल्यूम खरेदीत धरतात. अशी रेषा भावाचीच नक्कल करते, त्यामुळे भाव आणि डेल्टा यांतली तफावत तिच्यात दिसण्याची शक्यताच कमी. सीव्हीडी वापरण्याआधी तो सौद्यांवरून मोजलाय की कँडलवरून, हे सॉफ्टवेअरच्या माहितीत तपासून घ्यावे.