जवळमधला ज आणि जेवणातला ज

घरी नवा राउटर कसा जोडायचा, हे सांगणारा दीड मिनिटाचा मराठी व्हिडिओ आहे असं समजू. संहितेत एक वाक्य आहे: ‘Xiaomi चा router सुरू करा, 2.4 GHz निवडा आणि WPA3 password टाका.’ पडद्यावर ही नावं रोमन लिपीतच दिसणार, म्हणून लेखकाने ती तशीच ठेवली. पण असा कागद माइकसमोर गेला की आवाज देणारी व्यक्ती दर शब्दाला स्वतःच निर्णय घेते, आणि तिसऱ्या टेकपर्यंत तो बदललेलाही असतो. संकलनात मग एकाच व्हिडिओत दोन उच्चार निघतात. म्हणून संहितेला उच्चारांचा तक्ता जोडायचा.

तक्त्याला तीन रकाने पुरतात: पडद्यावरचं रूप, बोलायचं रूप आणि लिंग. लिंगाचा रकाना बहुतेक जण विसरतात. तो नसला की ‘तो ॲप’ आणि ‘ते ॲप’ दोन्ही ध्वनिमुद्रित होतात.

बोलायचं रूप म्हणजे शुद्धलेखन नव्हे, हे आधी पक्कं करावं. आपण ‘व्हॉट्सॲप’ लिहितो, पण इंग्रजीत तिथे ओठ गोल करून येणारा व आहे. तक्त्यात म्हणून ‘वॉट्सॲप’ लिहायचं आणि ‘व्ह’ हा वरचे दात खालच्या ओठाला टेकतात त्या आवाजासाठी राखायचा: व्हर्जन, ड्राइव्ह. सबटायटलमध्ये मात्र रुळलेलंच रूप राहू द्यावं. तक्त्यातली रूपं सबटायटलवाल्याच्या हाती गेली तर गोंधळ होतो.

खरी अडचण ज ची आहे. ‘साइज’ आणि ‘पेज’ दोन्ही आपण एकाच ज ने लिहितो. पहिल्यातला ज ‘जवळ’मधला, दुसऱ्यातला ‘जेवण’मधला. रोजच्या मराठी शब्दांत कुठला ज कुठे, हे कुणी सांगावं लागत नाही; अनोळखी इंग्रजी शब्दात जीभ चुकते. मी अशा वेळी जवळमधल्या ज ला नुक्ता देतो, ‘साइज़’, आणि तक्त्याच्या माथ्यावर एका ओळीत खूण समजावतो. मराठी लेखनात नुक्ता नाही, पण हा कागद छापायचा नसतो.

‘GHz’ हे याच जातीचं. लिहिताना बरेच जण ‘हर्ट्झ’ लिहितात आणि ते वाचणारा शेवटी झ वर जोर देतो. प्रत्यक्षात शेवटचा आवाज ट् आणि स जोडून येतो, ‘चोर’मधल्या च च्या अगदी जवळचा. तक्त्यात ‘गिगा-हर्ट्स’ लिहिलं की काम होतं. ‘जिगा’ नको.

मग जोडशब्द. ‘हॉटस्पॉट’ घाईत वाचताना नजर ‘हॉटस’ इथे थांबू शकते. ‘हॉट-स्पॉट’ असं तोडलं की अडखळत नाही. ‘लॉगइन’, ‘फर्मवेअर’ यांनाही हाच उपाय. पण सगळेच शब्द तोडू नयेत. ‘मोबाइल’ आणि ‘पासवर्ड’ रोज बोलणाऱ्या माणसासमोर ‘पास-वर्ड’ ठेवला तर तो शिकवल्यासारखा बोलू लागतो.

आकड्यांचा निर्णय आधीच घ्यावा. ‘दोन पूर्णांक चार दशांश’ व्याकरणाने ठीक आहे, पण चार सेकंदांच्या दृश्यात बसत नाही, आणि फोनच्या पडद्यावर वाय-फायच्या नावात अनेकदा 2.4G दिसत असतं. म्हणून ‘टू पॉइंट फोर’.

ब्रँडचं नाव मूळ भाषेत कसं आहे, हा प्रश्न इथे दुय्यम. ह्युंदाई कोरियन माणूस वेगळं म्हणतो, पण भारतातल्या जाहिरातींनी ‘ह्युंदाई’ रुजवलं आहे. उलट Renault मधला शेवटचा ट इथल्या जाहिरातींतही उच्चारत नाहीत, ‘रेनो’च म्हणतात. ग्राहकाची भारतातली अलीकडची जाहिरात ऐकावी, तक्त्यात तेच लिहावं आणि ध्वनिमुद्रणाआधी ग्राहकाकडून लेखी होकार घ्यावा. नंतर नाव बदललं तर पुन्हा स्टुडिओ लागतो.

आता वरचं वाक्य असं होतं: ‘शाओमीचा राउटर सुरू करा, टू पॉइंट फोर गिगा-हर्ट्स निवडा आणि डब्ल्यू-पी-ए-थ्री पासवर्ड टाका.’ विभक्ती प्रत्यय नावाला चिकटवूनच दिला आहे. ‘Xiaomi चा’ असं मोकळं सोडलं की मध्ये नकोसा श्वास येतो.

तपासायची रीत सोपी आहे. फोनवर वाक्य वाचून रेकॉर्ड करा आणि संहिता न पाहिलेल्या माणसाला ऐकवून लिहून घ्या. ‘कॅश क्लिअर करा’ ऐकून त्याने पैशांबद्दल काही लिहिलं, तर दोष उच्चाराचा नाही. इंग्रजीतही ते दोन शब्द सारखेच ऐकू येतात. तिथे तक्त्याने भागत नाही, संहितेतच ‘ब्राउझरमधली साठलेली कॅश’ असं वाक्य करावं लागतं.