पाच तासांत भागतं की भागवलं जातं?

‘मला पाच-सहा तास झोप पुरते’ असं सांगताना माणसाच्या आवाजात जरा अभिमान असतो. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या यिंग-हुई फू आणि सहकाऱ्यांनी एका मायलेकींवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. दोघी रोज सव्वासहा तासांच्या आसपास झोपायच्या आणि दिवसभर टवटवीत असायच्या. घरातल्या इतरांना मात्र आठेक तास लागायचे. दोघींच्या ‘डीईसी२’ या जनुकात एक छोटासा बदल सापडला. पुढे अशी आणखी काही जनुकं हाती लागली, पण हे बदल फार दुर्मीळ आहेत.

मग आपण त्यांतले का? ‘मी तर ठणठणीत आहे’ ही साक्ष इथे चालत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. त्यातल्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या आणि शेवटी त्यांची अवस्था रात्रभर जागलेल्या माणसासारखी झाली. पण ‘झोप येतेय का?’ विचारलं तर ‘थोडीशी’. मेंदू मंदावला, तरी त्याची जाणीव त्या प्रमाणात वाढलीच नाही.

म्हणून वागणं पाहायचं. समजा, डोंबिवलीचा एकजण साडेबाराला झोपतो, गजरावर साडेपाचला उठतो. लोकलमध्ये बसायला मिळालं की ठाणं येण्याआधीच मान टाकतो. रविवारी नऊ वाजले तरी अंथरुणात. ‘मला कुठेही झोप लागते’ हे तो कौतुकाने सांगतो, पण दिवसाढवळ्या पाच मिनिटांत डोळा लागणं हे झोप थकल्याचंच लक्षण. जन्मजात कमी झोपणारा त्याच सीटवर पेपर वाचत बसेल आणि रविवारीही गजराविना सहाच्या आत उठेल.

शंका असेल तर लांब सुट्टीत पडताळा घ्यावा. दोन आठवडे गजर नाही, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही, झोप आली की झोपायचं. पहिले काही दिवस हिशेबात धरू नयेत, तेव्हा जुनी थकबाकी फिटत असते. त्यानंतरही झोप पाच-सहा तासांवरच थांबली आणि दिवस ताजातवाना गेला, तर दावा खरा असण्याची शक्यता आहे. ती सात-आठ तासांवर स्थिरावली, तर गरज तेवढीच होती. अंथरुणात तळमळत पडणाऱ्याचं प्रकरण मात्र वेगळं. त्याला झोप हवी असते, ती लागत नाही. आणि घोरणारा माणूस आठ तास झोपूनही पेंगत असेल, तर तासांचा हिशेब सोडून डॉक्टरांना दाखवावं.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही विचारावं. जन्मजात कमी झोपणारा सहसा लहानपणापासून किंवा निदान कुमारवयापासून तसाच असतो, आणि बऱ्याचदा आई-वडिलांपैकीही कुणीतरी तसं असतं. सवय नोकरी लागल्यावर जडली असेल, तर तिचं कारण जनुकांत नव्हे, टाइमटेबलात शोधावं.