बिल जुळतं, माल जुळत नाही

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत लोखंडी राउंड बार येतो किलोवर आणि खर्ची पडतो मीटरवर. पुरवठादार वजनाने विकतो, कारागीर मात्र लांबीने कापतो. या दोन मापांची सांगड कॉम्प्युटरमधल्या ‘आयटम मास्टर’मध्ये घातलेली असते. प्रत्येक वस्तूची ही मूळ नोंद: कोड, नाव, खरेदीचं माप, साठ्याचं माप आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा गुणक. हा गुणक एकदा भरला की पुन्हा त्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

गोल बारचा गुणक काढण्याचा हिशेब वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ असतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. २५ एमएमचा बार मीटरला ३.८५८ किलो भरतो, तर २० एमएमचा २.४६९ किलो.

आता समजा, २० एमएमचा बार कारखान्यात नव्याने लागला. नवी नोंद कोऱ्या पानापासून करण्याऐवजी २५ एमएमच्या नोंदीची कॉपी केली, कोड आणि नाव बदललं, पण गुणक ३.८५८ तसाच राहिला. उत्पादनाला ३०० मीटर बार हवा आहे. कॉम्प्युटर हिशेब करतो आणि १,१५७ किलोची पर्चेस ऑर्डर काढतो. खरी गरज असते ७४१ किलोची.

माल येतो. वजनकाट्यावर १,१५७ किलो, चलनावर १,१५७ किलो, बिलावर १,१५७ किलो. ऑर्डर, आवक आणि बिल ताडून पाहणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाला कुठेच खोट दिसत नाही, कारण तिन्ही कागद किलोतच बोलतात. चूक फक्त मीटरमध्ये असते. स्टॉकमध्ये ३०० मीटर जमा होतात आणि रॅकवर प्रत्यक्षात जवळपास ४६८ मीटर येऊन पडतात. ३०० मीटर वापरून झाले की कॉम्प्युटर शिल्लक शून्य दाखवतो आणि पुढच्या गरजेला पुन्हा १,१५७ किलोची ऑर्डर निघते. रॅकवर बार साठत जातात, पैसा अडकत जातो. बार ७० रुपये किलोचा धरला, तर मीटरला खरा खर्च १७३ रुपये. कॉम्प्युटर मात्र तो २७० मानतो. त्याच आकड्यावर ग्राहकाला कोटेशन गेलं, तर कारखाना महाग ठरून काम गमावतो.

चूक उलट्या बाजूने झाली, तर जास्त जाचक. २५ एमएमच्या बारला २.४६९ हा गुणक लागला, की स्टॉकमध्ये ३०० मीटर आणि रॅकवर जेमतेम १९२. मोजणीला १०८ मीटर कमी निघतात आणि पहिला संशय जातो स्टोअरकीपरवर. कागद चोख असल्यामुळे बिचाऱ्याला स्वतःची बाजूही मांडता येत नाही.

चोरी आणि गुणकाची चूक यांतला फरक मात्र ओळखता येतो. चोरीला ठरावीक प्रमाण नसतं, गुणकाला असतं. गेल्या काही आवकींमध्ये कॉम्प्युटरने जमा केलेले मीटर आणि प्रत्यक्ष आलेले मीटर यांचं गुणोत्तर काढा. प्रत्येक वेळी ते १.५६च्या आसपास येत असेल, तर २५चा वर्ग भागिले २०चा वर्ग किती होतो ते पाहा: १.५६२५. कोणत्या नोंदीची कॉपी झाली, हे तो आकडाच सांगतो.

अर्थात, गुणक बरोबर असला तरी मीटर तंतोतंत जुळणार नाहीत. रोलिंगमध्ये बारच्या जाडीत थोडा फरक पडतो, त्यामुळे वजनही थोडं कमीजास्त होतं. म्हणून आवक नोंदवताना नुसतं वजन न घेता बारचे नगही मोजावेत आणि लांबीने गुणून कॉम्प्युटरच्या मीटरशी ताडून पाहावेत. शे-दीडशे बारांच्या गाडीला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

चूक सापडल्यावर घाईने गुणक बदलणं पुरेसं नसतं. एसएपीसारख्या प्रणालीत पर्चेस ऑर्डर काढतानाच तेव्हाचा गुणक त्या ऑर्डरमध्ये उतरतो. मास्टर सुधारला तरी आधीच्या उघड्या ऑर्डरी जुन्याच गुणकाने माल जमा करत राहतात. म्हणून आधी त्या वस्तूची देवघेव थांबवायची, उघड्या ऑर्डरी तपासून दुरुस्त करायच्या, रॅक मोजायचा आणि मगच फरकाची नोंद करायची, तीही ‘मोजणीतला फरक’ असं मोघम न लिहिता खरं कारण लिहून. मोघम नोंदीने आकडे तेवढ्यापुरते जुळतात आणि पुढच्या आवकीला पुन्हा बिघडतात.

नवा आयटम उघडताना मात्र एवढं करावंच: एक मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवावा, आणि नोंद भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने ते वजन मास्टरमधल्या गुणकाशी ताडून पाहूनच पहिली ऑर्डर सोडावी.