चहातली दालचिनी आणि यकृताचा हिशोब

रोज दालचिनी घातलेला चहा प्यायल्याने यकृत बिघडते का, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. चिमूटभर मसाला घातलेल्या दुधाच्या चहाने बिघडत नाही. पण साखर किंवा वजन कमी व्हावे म्हणून सकाळी उठल्याबरोबर चमचाभर दालचिनी पावडर गरम पाण्यातून घेणारे लोक आता पुष्कळ आहेत. त्यांनी मात्र आपण नेमकी कुठली दालचिनी घेतो आणि किती घेतो, हे बघायलाच हवे.

आपण ज्याला दालचिनी म्हणतो, ती दोन निराळ्या झाडांची साल असू शकते. एक श्रीलंकेची. हेच झाड कोकणातही नारळी-पोफळीच्या बागांत लावतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘कोकण तेज’ हा वाण याच जातीचा. दुसरी साल कॅशिया जातीच्या झाडांची. ती चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून येते. मसाल्याच्या बाजारात तिला तज असेही म्हणतात, आणि आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत दालचिनी आणि तज यांची मानके वेगवेगळी आहेत. दुकानात मात्र बऱ्याचदा दोन्ही एकाच नावाने मिळतात. स्वस्त असते ती बहुधा तज.

फरक आहे तो कूमरीन या द्रव्याचा. सुकत घातलेल्या गवतासारखा गोडसर वास असलेले हे द्रव्य अनेक वनस्पतींत असते. श्रीलंकेच्या दालचिनीत ते नावापुरते सापडते. तजेत एका ग्रॅममागे सरासरी ३ मिलिग्रॅम असते, असा अंदाज जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २००६ साली दिला होता. ही सरासरी आहे, हे विसरू नये. सालीच्या तुकड्या-तुकड्यांत फार तफावत असते. काही तुकड्यांत कूमरीन सापडतही नाही, तर काहींत सरासरीच्या तिप्पट निघते. त्यामुळे घरातल्या डब्यात नेमके किती आहे, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही.

कूमरीन यकृताला त्रास देऊ शकते हे कळले ते औषधांमुळे. हातापायांना येणाऱ्या एका प्रकारच्या सुजेवर काही देशांत ते गोळीतून दिले जाई. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या आणि हाताला सूज आलेल्या स्त्रियांना अमेरिकेत ते रोज ४०० मिलिग्रॅम देऊन पाहिले. त्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली आले. सूज काही उतरली नाही, उलट सुमारे ६ टक्के स्त्रियांच्या रक्तात यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे बहुतेकांना एवढ्या मोठ्या मात्रेतही काही झाले नाही आणि थोड्यांना झाले. मला यातली महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आपले यकृत कूमरीनचे रूपांतर करून ते लघवीवाटे बाहेर टाकते, पण काही माणसांचे यकृत त्याच्यापुढे हळवे ठरते, आणि आपण त्यातले आहोत की नाही हे आधी सांगता येत नाही. जर्मन संस्थेच्या नोंदींनुसार अशा हळव्या लोकांना औषधी मात्रेच्या मानाने बऱ्याच कमी कूमरीननेही काही आठवड्यांत त्रास झाल्याचे दिसले आहे. दिलासा एवढाच की घेणे थांबवल्यावर यकृत बहुतेकदा पूर्वपदावर येते.

रोजची मर्यादा ठरवली आहे ती अशा हळव्या माणसांनाही धोका पोहोचू नये म्हणून: वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, तीही जन्मभर रोज घेतली तरी चालेल अशी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ती २००४ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून काढली. जर्मन संस्थेने माणसांवरच्या औषधांच्या अनुभवावरून हिशोब केला, तेव्हा तोच आकडा आला. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २ ग्रॅम तज. १५ किलोच्या मुलाला जेमतेम अर्धा ग्रॅम.

आता चहाकडे येऊ. घरी केलेल्या १०० ग्रॅम चहाच्या मसाल्यात सुंठ, वेलदोडे, मिरी, लवंग असतात आणि त्यांच्याबरोबर समजा १५ ग्रॅम दालचिनी, तीही सगळी तज. एका कपाला पाव चमचा, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मसाला पडतो. त्यातली दालचिनी ७५ मिलिग्रॅम भरते आणि तिच्यातले कूमरीन पाव मिलिग्रॅमलाही पोहोचत नाही. दिवसाला असे चार कप घेतले तरी ०.९ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाच्या मर्यादेचा हा सहावा भागही नाही. तजेचा तुकडा नेहमीपेक्षा तिखट निघाला, तरी हा चहा मर्यादेच्या आतच राहतो.

काढ्याचा हिशोब वेगळा. सपाट चहाचा चमचा भरून दालचिनी पावडर घेतली की ती अडीच ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम कूमरीन. ४५ किलोच्या बाईची मर्यादा ४.५ मिलिग्रॅम आहे, आणि ती सकाळच्या पहिल्या पेल्यातच ओलांडली जाते. संध्याकाळी आणखी एक पेला घेतला तर तिपटीहून जास्त. गाळून पिण्यानेही पूर्ण सुटका होत नाही, कारण कूमरीन गरम पाण्यात विरघळते. गाळलेल्या काढ्यात ते पावडर गिळण्यापेक्षा कमी असेल, इतकेच. शिवाय दालचिनीत असल्यामुळे ते शरीरात शिरत नाही, असेही नाही. जर्मनीत स्वयंसेवकांना ते दालचिनीच्या चहातून देऊन पाहिले, तेव्हा ते चांगले शोषले जाते असेच दिसले.

चार-आठ दिवस सर्दीसाठी काढा घेतला म्हणून घाबरू नये. युरोपच्या संस्थेने २००८ साली स्पष्ट केले की एक-दोन आठवडे मर्यादेच्या तिप्पट घेतल्यानेही चिंतेचे कारण नाही. काळजी आहे ती महिनोन् महिने चालणाऱ्या चमचाभर प्रयोगाची. ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे, किंवा यकृतावर ताण आणणारी औषधे चालू आहेत, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अमेरिकेतल्या एका नोंदीत, कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन औषध मोठ्या मात्रेत घेणाऱ्या ७३ वर्षांच्या बाईने दालचिनीच्या कॅप्सूल सुरू केल्या, आणि सुमारे आठवडाभरातच तिला यकृताची सूज येऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. एका घटनेवरून कारण सिद्ध होत नाही, पण औषध आणि पावडर एकत्र घेताना ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अखंड साल विकत घेतली तर ओळख सोपी आहे. श्रीलंकेची किंवा कोकणातली नीट सोललेली दालचिनी कागदासारखी पातळ असते. तिचे अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात आणि बोटांत दाबली की ती चुरते. तज जाड आणि कडक. एकाच थराची साल, कधी दोन्ही कडांनी आत वळलेली, तर कधी नुसते चपटे खडबडीत तुकडे. ते हाताने मोडायलाही जोर लागतो. पावडर झाल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्यांना रोज मोठ्या मात्रेत घ्यायचीच आहे, त्यांनी पातळ पापुद्र्यांची साल आणून घरी कुटावी. ती महाग पडते, पण तिच्यात कूमरीनची भीती जवळजवळ नाही.

तजेचा काढा काही महिने घेऊन झाला असेल, तर रक्तातली एसजीपीटी तपासून घेणे स्वस्तात होते. अंग फार थकणे, भूक मरणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही असेल तर काढा त्याच दिवशी बंद करावा, आणि डॉक्टरांना गोळ्यांच्या यादीबरोबर त्या पावडरचे नावही सांगावे. विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरही बहुधा विचारत नाहीत.