आकडा जाहीर झाला, जमा किती?

देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी सुरू झाली की स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर रोज संध्याकाळी आकडा पडतो. ‘आजवर ३,१२,००० रुपये!’ खाली हात जोडलेल्यांची रांग. पण यातले प्रत्यक्ष हातात आलेले किती, हे कुणी सांगत नाही. माइकवरून नाव पुकारलं की देणगी झाली, असंच आपण धरतो. सगळी गडबड इथेच सुरू होते.

समजा, निवेदन असं लिहिलं: ‘जाहीर झालेली रक्कम ३,१२,०००. जमा २,४१,५००, पैकी बँकेत १,६८,५००, रोख ७३,०००, पावती क्र. १ ते ८६. रद्द पावत्या दोन, क्र. १९ आणि ५४. खर्च १,९०,०००: लोखंड व पत्रे १,४२,०००, मजुरी ४८,०००. शिल्लक ५१,५००, बँकेत ४९,३००, हातात २,२००. येणे ७०,५००.’ याच्याखाली त्या दिवशीच्या पासबुकाच्या पानाचा फोटो, देणगीदारांची नावं झाकून.

आता कुणालाही घरबसल्या ताळा करता येतो. जमा वजा खर्च म्हणजे शिल्लक, आणि बँकेतली शिल्लक पासबुकाशी जुळते की नाही, हे दिसतं. पावत्यांचे क्रमांकही तेवढेच बोलके. रद्द पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच राहायला हवेत. क्रमांक ५४ची मूळ पावतीच गायब असेल, तर ती कुणाच्या तरी खिशात असू शकते. कुणी चाळीस गोण्या सिमेंट दिलं तर ते वस्तुरूपात वेगळं लिहावं. त्याची अंदाजे किंमत जमेत धरली, की हिशेब पासबुकापासून सुटतो.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे ट्रस्टऐवजी एखाद्या स्वयंसेवकाचं नाव दिसलं तर थांबावं. माणूस सज्जन असेलही, पण त्याच्या घरखर्चात मिसळलेले पैसे नंतर निवडून काढता येत नाहीत. नोंदणी नसलेल्या मंडळाला तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

‘करसवलत मिळेल’ हे वाक्य मात्र सवयीने चिकटवू नये. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर ती सहसा मिळत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाच्या देवळाच्या दुरुस्तीचा अपवाद आहे, आणि तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

एक ओळ बहुतेक ठिकाणी राहून जाते: काम पूर्ण होऊन पैसे उरले तर त्यांचं काय? छपरासाठी दिलेले पैसे उत्सवाच्या मांडवात गेले, की भांडण ठरलेलं. ‘उरलेली रक्कम देवळाच्या दुरुस्ती निधीत जाईल’ हे पहिल्या दिवशीच्या निवेदनात असावं, पैसे उरल्यावर घेतलेल्या बैठकीत नव्हे.