कॅल्क्युलेटरच्या कव्हरमधला कागद

तृतीय वर्ष वाणिज्यची एक विद्यार्थिनी कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर लिहिते आहे, असं समजू. पाऊण तासानंतर पर्यवेक्षक तिच्या बाकाजवळ थांबतात आणि कॅल्क्युलेटरचं कव्हर उघडायला सांगतात. आतून वहीच्या पानाची घडी निघते. पानावर तिच्याच अक्षरात सूत्रं आहेत. आदल्या रात्री पाठांतरासाठी लिहिलेला तो कागद आत राहून गेला होता, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण कॅल्क्युलेटरचं कव्हर ही कॉपी लपवायची नेहमीची जागा, त्यामुळे तिच्यावर लगेच कोण विश्वास ठेवणार?

अशा वेळी मुलं परीक्षकांची माफी मागायला निघतात आणि तिथेच पहिली चूक होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकांना ती कुणाची आहे हे कळू नये, अशीच पद्धत आहे. उत्तरपत्रिकेत त्यांना उद्देशून विनंती लिहिणं हाही गैरप्रकारच ठरतो. चौकशी करते ती समिती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये गैरप्रकारांच्या चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांच्या समितीची तरतूद आहे. पत्र लिहायचं ते या समितीच्या अध्यक्षांना, प्राचार्यांमार्फत.

पत्राआधी मात्र परीक्षा केंद्रावरच एक कागद तयार झालेला असतो, तो म्हणजे विद्यार्थ्याचा जबाब. वरिष्ठ पर्यवेक्षक सापडलेला कागद आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात, त्यांवर विद्यार्थ्याची सही घेतात आणि काय घडलं ते त्याच्याकडून लिहून घेतात. बहुतेक वेळा पुढचा पेपर लिहायला नवी उत्तरपत्रिका मिळते. हात थरथरत असताना मुलं जबाबात ‘हा कागद माझा नाही, कुणीतरी ठेवला असेल’ असं लिहून मोकळी होतात. आठवड्याने पत्रात ‘कागद माझाच, पण चुकून राहिला’ असं आलं की समितीपुढे एकाच व्यक्तीची दोन विधानं असतात. मग पत्र कितीही खरं असलं तरी त्याचं वजन जातं. म्हणून जबाबात दोनच ओळी लिहा, पण खऱ्या लिहा.

या विद्यार्थिनीचं पत्र असं असावं:

‘आजच्या पेपरला साधारण पावणेबारा वाजता माझ्या कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये हाताने लिहिलेला कागद सापडला. अक्षर माझं आहे. आदल्या रात्री उजळणी करताना मी तो लिहिला आणि तो कव्हरमध्येच राहिला. दप्तर वर्गाबाहेर ठेवलं, पण कव्हर उघडून पाहिलं नाही, ही माझी चूक आहे. पेपर सुरू झाल्यावर मी तो बाहेर काढला नाही. त्यावर इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी आणि साठ्याच्या पातळ्यांची सूत्रं आहेत. त्यांवर आधारलेला दुसरा प्रश्न मी तोवर सोडवला नव्हता. जमा झालेल्या उत्तरपत्रिकेत पहिला आणि तिसरा प्रश्न आहे. कृपया दोन्ही ताडून पाहावं. पर्यवेक्षकांना व इतर परीक्षार्थींना झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते. समितीसमोर हजर राहायची माझी तयारी आहे.’

या पत्रात सगळ्यात जास्त उपयोगाचं वाक्य माफीचं नाही, दुसऱ्या प्रश्नाचं आहे. ‘मी वापरला नाही’ हे कुणीही लिहू शकतं. पण कागदावर काय आहे आणि उत्तरपत्रिकेत काय आहे, हे समितीला शेजारी ठेवून पाहता येतं. आणि तिने दुसरा प्रश्न सोडवला असता तर? तर तेही तिनेच आधी सांगायला हवं, कारण समितीला ते दिसणारच आहे. सोडवलेल्या पायऱ्यांची कागदाशी तुलना करा, एवढं ती म्हणू शकते. घरची परिस्थिती, आईचं आजारपण, आजवरचे गुण हे सगळं मात्र वगळावं. त्यातून त्या पाऊण तासाबद्दल काहीच कळत नाही आणि खरा मुद्दा त्याखाली दबतो.

या पत्राची मर्यादाही विद्यार्थ्याला आधीच सांगायला हवी, नाहीतर त्याची फार मोठी निराशा होते. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत कॉपीचं साहित्य जवळ बाळगणं हाच स्वतंत्र गैरप्रकार आहे आणि त्यासाठी त्या एका पेपरची नव्हे, त्या संपूर्ण परीक्षेतली कामगिरी रद्द होऊ शकते. प्रत्यक्ष नक्कल केल्याचं ठरलं तर पुढच्या आणखी एका परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे हेतू नव्हता हे पटलं तरी कागद जवळ होता ही गोष्ट उरतेच. मला हा नियम कठोर वाटतो. तरीही पत्र लिहावंच, कारण ‘बाळगला’ आणि ‘नक्कल केली’ यांतला फरक म्हणजे विद्यार्थ्याच्या आयुष्यातली एक जादा परीक्षा आहे. कारणे दाखवा नोटीस आली की दिलेल्या मुदतीत याच मजकुराचं उत्तर द्यावं, पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः जावं. तिथे तो कागद आणि आपला जबाब पाहायला मागावा, आणि विचारलं जाईल तेवढ्याचंच उत्तर द्यावं.